ज्येष्ठांची एक दिवसाची सहल: गोळ्या, बाथरूम आणि बस यांचं गणित आधी जुळवा

आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलींचं काम मी बरीच वर्षं बघतेय आणि दर डिसेंबरला दुसऱ्या संघांतले, सोसायट्यांतले लोक फोन करून विचारतात की ताई यावेळी कुठे नेऊ. खरं तर कुठे न्यायचं हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. बहुतेक सहली बिघडतात कारण आधी ठिकाणं ठरतात, मग वेळापत्रक, आणि मग त्यात कुठेतरी गोळ्या आणि बाथरूम कोंबतात. उलटं करायचं. आधी कोण कुठली गोळी किती वाजता घेतं ते बघायचं, मग जेवणाची वेळ पक्की करायची, मग बाथरूमचे थांबे, आणि उरलेल्या वेळात जे बसेल ते बघायचं.

उदाहरण म्हणून आमचीच एक सहल घेते. २६ ज्येष्ठ, त्यात १६ बायका, वयं ६६ ते ८४, सोबत ५ कार्यकर्ते. कोथरूडहून सातारा रस्त्याने खेड शिवापूर, कापूरहोळ, तिथून नारायणपूरच्या रस्त्याला केतकावळ्याचं प्रति बालाजी मंदिर, दुपारी त्याच भागातलं एक कृषी पर्यटन केंद्र आणि परत. एका बाजूचं अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास, घाट जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा नेत असाल तर यापेक्षा लांब जाऊ नका.

टप्पा १: दहा दिवस आधी प्रत्येकाचा कागद भरून घ्या

फक्त नाव आणि पैसे घेऊन यादी करू नका. एका पानाचा कागद करा: नाव, वय, घरच्या दोन माणसांचे नंबर, कुठले आजार, रोजच्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा, कुठल्या औषधाची अॅलर्जी, चालताना काठी लागते का, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येतं का. शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूंसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो.

कागद समोर बसून भरा, व्हॉट्सअॅपवर मागवू नका. व्हॉट्सअॅपवर सगळे "बीपीची एक गोळी" एवढंच लिहितात आणि समोर बसलं की पिशवीतून सात पाकिटं निघतात.

त्या कागदांवरून चार प्रकारची माणसं वेगळी काढा.

एक, शुगरवाले, त्यातही इन्सुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणारे, कारण यांचं जेवण लांबलं की शुगर खाली जाते. दोन, लघवीची गोळी म्हणजे लॅसिक्स वगैरे घेणारे. तीन, रक्त पातळ करायची गोळी घेणारे. चार, हृदयासाठी जिभेखाली ठेवायची गोळी जवळ बाळगणारे.

लघवीच्या गोळीबद्दल थोडं जास्त सांगते कारण चूक इथेच होते आणि कुणी बोलत नाही. ही गोळी घेतल्यावर तासाभरात जोर सुरू होतो आणि पाच-सहा तास राहतो. सकाळी आठला घेऊन साडेआठला बसमध्ये बसलं की माणूस हैराण होतो, म्हणून बरेच आजोबा-आजी सहलीच्या दिवशी ती गोळी गुपचूप टाळतात आणि वर पाणीही पीत नाहीत. संध्याकाळी पाय सुजतात, धाप लागते, आणि पाणी कमी गेल्यामुळे उठताना चक्कर येते ती वेगळीच. आपण "टाळा" पण म्हणायचं नाही आणि "घ्याच" पण म्हणायचं नाही. त्यांच्या घरच्यांना सांगायचं की डॉक्टरांना विचारा, त्या एका दिवसापुरती वेळ पुढे-मागे करता येईल का. बऱ्याच जणांना डॉक्टर घरी परत आल्यावर घ्यायला सांगतात, काहींना नाही सांगत, तो निर्णय त्यांचाच. जे सकाळीच घेणार त्यांची नावं आपल्याला माहीत पाहिजेत म्हणजे पहिला थांबा लवकर घेता येतो.

⚠ सावधान: छातीचं दुखणं, अँजिओप्लास्टी, पडून झालेलं फ्रॅक्चर किंवा हॉस्पिटलमधली भरती गेल्या दोन-तीन महिन्यांत झाली असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी आणल्याशिवाय नाव घेऊ नका. वाईट वाटतं, पण नाही म्हणा.

टप्पा २: एक माणूस आधी जाऊन जागा बघून येऊ दे

फोनवर सगळेच "हो हो, सगळी सोय आहे" म्हणतात. एका वर्षी आम्ही फोनवर विश्वास ठेवला, जेवणाच्या ठिकाणी पोचल्यावर कळलं की कमोड एकच आहे आणि तोही आठ पायऱ्या चढून. त्यानंतर मी स्वतः गेल्याशिवाय काही ठरवत नाही.

जाऊन काय बघायचं: कमोड किती, तिथे जायला पायऱ्या किती, आत धरायला काही आहे का, फरशी ओली असते का, बस किती जवळ येते, दुपारी आडवं पडायला सावलीत गाद्या किंवा बाजा मिळतील का. मंदिरात चप्पल कुठे काढायची आणि तिथून दर्शनापर्यंत किती चालायचं, बसायला जागा कुठे, व्हीलचेअर मिळते का, पिशव्या आणि मोबाईल आत नेता येतात का हे सगळं तिथेच विचारा. पिशवी बाहेर ठेवायला लागत असेल तर इमर्जन्सीची गोळी खिशात किंवा कमरेच्या पाकिटात हवी.

आणि थांब्याला किती वेळ लागेल याचा हिशोब करा. आमच्या १६ बायका, हायवेच्या हॉटेलात बायकांसाठी दोन कमोड, प्रत्येकीला साडी, गुडघे, हात धुणं धरून चार मिनिटं. म्हणजे १६ गुणिले ४ भागिले २, बत्तीस मिनिटं फक्त बाथरूमची. चहा धरून थांबा चाळीस मिनिटांचा. वेळापत्रकात लोक "१० मिनिटं ब्रेक" लिहितात आणि मग दिवसभर घाई करत बसतात, आणि घाईतच माणसं पडतात.

✔ तपासा: वाटेवरचं आयसीयू असलेलं हॉस्पिटल कुठलं, तिथला फोन लागतो का, रात्री नाही तर दिवसा डॉक्टर असतात का. एक पुण्याच्या बाजूचं आणि एक जेवणाच्या जागेजवळचं, असे दोन पत्ते सगळ्या कार्यकर्त्यांच्या मोबाईलमध्ये. रुग्णवाहिकेसाठी १०८.

वारही बघून घ्या. नारायणपूरच्या दत्ताला गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते, बालाजीला शनिवार-रविवार. आम्ही मंगळवार किंवा बुधवारच घेतो. महिना डिसेंबर-जानेवारी, कारण मार्चनंतर दुपारी अनवाणी फरशीवर चालवत नाही.

टप्पा ३: बस ठरवताना सीटपेक्षा पायरी बघा

३१ माणसांसाठी ३५ सीटची, दोन-बाय-दोन पुशबॅक बस घ्या. टेम्पो ट्रॅव्हलर दोन करू नका, आतली वाट अरुंद असते, उठताना मान वाकवावी लागते आणि औषधांची पिशवी नेमकी दुसऱ्या गाडीत राहते.

बस प्रत्यक्ष बघा. पहिली पायरी जमिनीपासून फार उंच असते, ऐंशीच्या आजींचा पाय तिथे पोचत नाही आणि मग दोन माणसं त्यांना काखेत धरून वर ओढतात, त्यात खांदा दुखावतो. सुताराकडून एक रुंद लाकडी पायरी करून घ्या, साधारण वीतभर उंच, खाली रबर ठोकलेली, दोन पाय नीट मावतील एवढी. एकदा केली की वर्षानुवर्षं चालते. प्लास्टिकचं स्टूल अजिबात नको, ते कलंडतं. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळेला एक कार्यकर्ता खाली, एक वर, आणि काकूंचा हात आपण नाही ओढायचा, त्यांनी दांडा धरायचा, आपण पाठीशी फक्त आधाराला.

मागच्या चाकाच्या मागची रांग रिकामी ठेवा किंवा तिथे कार्यकर्ते बसवा. स्पीडब्रेकरवर तिथे माणूस उडतो आणि हाडं ठिसूळ असलेल्या माणसाचा मणका एवढ्यानेही दबू शकतो. गुडघेवाल्यांना पुढच्या दोन-तीन रांगा, वाटेच्या बाजूची सीट. लघवीची गोळी घेतलेल्यांनाही पुढेच.

बुकिंगच्या पावतीवर हे लिहून घ्या, तोंडी नको: पिवळी नंबर प्लेट असलेली गाडी, पुशबॅक सीट, एसी चालू, दाराचा दांडा पक्का, सांगू तिथे थांबायचं, गाणी मोठ्या आवाजात नाहीत. ड्रायव्हरला आदल्या दिवशी फोन करून प्रेमाने सांगा, "दादा, आपली आई-वडिलांच्या वयाची माणसं आहेत, सगळे बसल्याचं मी सांगितल्याशिवाय गाडी हलवायची नाही." हे एक वाक्य फार कामाचं आहे, कारण माणसं पडतात ती बहुतेक चढल्यावर सीटपर्यंत जाताना गाडी हलली म्हणून.

टप्पा ४: गोळ्यांची पाकिटं आणि गळ्यातलं कार्ड

सहलीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने घरच्यांच्या मदतीने त्या दिवसाच्या गोळ्या कागदी पाकिटांत घालायच्या, प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरात: जेवणाआधी, जेवणानंतर, संध्याकाळी. सकाळच्या गोळ्या घरीच. शिवाय एका वेळेचा जास्तीचा साठा, बस अडकली तर.

गळ्यातल्या कार्डावर नाव, घरचा नंबर, आजार आणि अॅलर्जी. शुगरवाल्यांच्या कार्डाला पिवळी रिबन, रक्त पातळ करायच्या गोळीवाल्यांना लाल. लाल रिबनवालं कुणी पडून डोक्याला मार लागला तर "काही नाही झालं मला" असं ते म्हणाले तरी सरळ हॉस्पिटल, कारण आत रक्तस्राव हळूहळू होतो आणि तासांनी कळतो.

एका कार्यकर्त्याकडे पाच-सहाच माणसं, त्याच्याकडे त्यांची यादी वेळेनुसार लिहिलेली. त्याचं काम आठवण करायचं, "काका, जेवणाआधीचं पाकीट काढा" एवढंच. गोळी स्वतः काढून द्यायची नाही, एकाची दुसऱ्याला तर मुळीच नाही. गोळी घेतली की टिक. मोबाईलचे अलार्म लावा पण फक्त त्यांच्यावर राहू नका, बसच्या आवाजात ऐकूच येत नाहीत.

इन्सुलिन असेल तर ते बसच्या डिकीत नको, तिथे तापतं. छोट्या थर्मल पाउचमध्ये हातातल्या पिशवीत, बर्फाला थेट चिकटवायचं नाही.

⚠ सावधान: गाडी लागू नये म्हणून सगळ्यांना सरसकट अॅव्होमिन वाटणारे लोक मी बघितलेत. त्याने झोप येते, तोल जातो आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडकू शकते. ज्याला डॉक्टरांनी दिली असेल त्यानेच घ्यायची. बाकीच्यांना पुढची सीट, थोडी उघडी खिडकी, आवळा सुपारी.

टप्पा ५: दिवसाचं वेळापत्रक जेवणापासून मागे लिहा

आधी जेवणाची वेळ लिहा, पाऊण वाजता, आणि ती हलवायची नाही. मग मागे आणि पुढे. आमचं असं झालं:

सकाळी साडेसातला घरी नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या. सव्वाआठला जमायचं, साडेआठला निघायचं. सव्वानऊला खेड शिवापूरजवळ थांबा, चाळीस मिनिटं. साधारण पावणेअकराला मंदिर, तिथे सव्वा तास. बाराला बसमध्ये, सव्वाबाराला जेवणाच्या जागी हात-पाय धुणं आणि जेवणाआधीची पाकिटं. पाऊण वाजता जेवण. दोन ते तीन विश्रांती. तीन ते पावणेचार कार्यक्रम, मग चहा, सव्वाचारला परत. पाचच्या आसपास एक थांबा आणि सहाच्या सुमाराला घर, जानेवारीत अंधार पडायच्या आत.

दुसरं एखादं देऊळ "वाटेतच आहे" म्हणून जोडायचा मोह होतो. नको. आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी म्हणतं की नारायणपूर चार पावलांवर आहे, पण त्या चार पावलांसाठी २६ माणसं परत उतरवायची आणि चढवायची म्हणजे अर्धा तास तिथेच जातो, मग जेवण लांबतं आणि सगळी साखळी तुटते.

टप्पा ६: मंदिरात

चप्पल उभ्याने काढायला लावू नका. चार फोल्डिंग स्टुलं बसमधून आणा, ओळीने बसून काढू दे. थंडी म्हणून काहीजण मोजे ठेवतात, गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी पाय सटकतो, मोजेही काढायचे.

जोड्या लावा, दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं, आणि एक जोडी ठणठणीत-ठणठणीत नको, एक धडधाकट आणि एक हळू चालणारे अशी. ज्यांना पूर्ण चालायचं नाही त्यांच्यासाठी बाकावर एक कार्यकर्ता थांबवा. त्यांना एकटं बसवून पुढे जाऊ नका.

✔ तपासा: बस हलायच्या आधी डोकी मोजायची नाहीत, सीटवरची नावं वाचायची. डोकी मोजताना एखादा दुसऱ्याच ग्रुपचा माणूस मोजला जातो, खरंच झालंय आमच्याकडे.

टप्पा ७: जेवण आणि शुगर

मेनू साधा: मऊ पोळी, एक रसभाजी, वरण-भात, ताक, कमी तिखट. भाकरी छान लागते पण कवळीवाल्यांना कडक भाकरी चावत नाही. गोड एकच आणि ते ताटात वाढून नाही आणायचं, मागेल त्याला.

इन्सुलिनवाल्यांसाठी नियम एकच ठेवा: कार्यकर्त्याने आधी स्वयंपाकघरात जाऊन जेवण तयार आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच सांगायचं की आता सुई घ्या. "पाच मिनिटांत वाढतोय" यावर कधीही सुई घ्यायला सांगू नका. त्या सहलीत आमच्या एका काकूंनी बसमधून उतरताच सवयीने सुई घेतली आणि नेमका त्या दिवशी गॅस संपल्यामुळे भाताला उशीर झाला. पंचवीस-तीस मिनिटांनी त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि त्या विनाकारण चिडून बोलायला लागल्या. बाजूच्या मावशी म्हणाल्या ऊन लागलं असेल. ग्लुकोमीटरवर ५८ आलं.

अशा वेळी करायचं ते असं: लगेच बसवा, तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या वर नसेल तर परत तेवढंच, आणि वर आलं की पोळी-भात किंवा बिस्किटं खाऊ घाला, नाहीतर पुन्हा खाली जाते. ग्लुकोज पावडरच का, साखर किंवा पेढा का नाही? कारण बऱ्याच जणांच्या शुगरच्या गोळीत वोग्लिबोज असतं, ते साखर पचायचं काम हळू करतं, म्हणून साखर खाऊनही शुगर पटकन चढत नाही. ग्लुकोज मात्र थेट रक्तात जातं. पाकीट प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात हवं, एकाच पिशवीत नको. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि १०८.

काकू वीस मिनिटांत ताळ्यावर आल्या. मीटर जवळ नसतं तर आम्ही ऊन लागलं म्हणून त्यांच्या डोक्यावर पाणी मारत बसलो असतो.

⚠ सावधान: छातीत दुखलं तर जिभेखालची गोळी ज्याची त्यानेच आणि बसूनच घ्यायची. उभ्याने घेतली तर बीपी खाली येऊन माणूस कोसळतो. दुसऱ्याची गोळी उसनी द्यायची नाही.

टप्पा ८: विश्रांती आणि करमणूक

दोन ते तीन कुणीही काही करायचं नाही. माईक बंद. हा तास कापून कार्यक्रम लांबवणारे संघ मला माहीत आहेत, आणि त्यांचीच माणसं परतीच्या वाटेवर गळून जातात. झोपून उठताना लगेच उभं राहू देऊ नका, आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसायचं. बीपीच्या गोळ्यांनी एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

मग पाऊण तास बसून करायचं काहीतरी. हौजी सगळ्यांना आवडते, पण तिकिटं बाजारातली छोटी नकोत, पूर्ण पानावर मोठे आकडे छापून घ्या आणि आकडा दोनदा सांगा. भेंड्या, जुनी नाट्यगीतं, एखाद्याची पेटी असेल तर फारच छान. अर्धगोलात बसवा, श्रवणयंत्र लावणारे स्पीकरपासून लांब पण बोलणाऱ्याच्या समोर, कारण ते अर्धं ओठ बघूनच ऐकतात. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, पळायचं काहीही नको, जिंकायच्या भरात सत्तरीचा माणूसही वय विसरतो आणि मांडीचं हाड मोडतं. परतीच्या बसमध्ये वाटेत उभं राहून नाचणं तर पूर्ण बंद.

टप्पा ९: परत येताना आणि दुसऱ्या दिवशी

निघताना प्रत्येकाला हातात पेलाभर पाणी द्या आणि समोर प्यायला लावा. आता घरीच जायचं म्हणून लोक पाणी बंद करतात. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांचं नाव कागदावर असतंच, त्यांना आग्रह नको.

संध्याकाळची पाकिटं बसमध्येच काढायला सांगा, घरी गेल्यावर दमून झोप लागते आणि गोळी राहते. उतरताना घरच्या माणसाच्या हातात सोपवा, घरी एकटे राहणारे असतील तर कार्यकर्ता दारापर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत सगळ्यांना फोन: झोप लागली का, पाय सुजलेत का, कुठे मुका मार लागलाय का, लघवी नीट झाली का. मागच्या सहलीनंतर याच फोनवर एका आजोबांनी सांगितलं की बसमधून उतरताना मनगट जरा मुरगळलं होतं पण कार्यक्रमाचा विचका नको म्हणून बोलले नाहीत. एक्स-रे काढला, बारीक फ्रॅक्चर होतं.